सहकाऱ्याचं कौतुक केलं की "बोला, काय काम आहे?" असंच का ऐकू येतं?

मायक्रॉन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. ज्यांनी शॉप फ्लोअर पाहिलाय त्यांना सांगायला नको, आमचं आणि प्रॉडक्शनचं कसं असतं ते. ऑपरेटरला क्वालिटीवाला दिसतो तो माल नाकारायचा लाल टॅग हातात घेऊनच. हे नातं सुधारायचं म्हणून चांगलं काम दिसलं की मी तिथल्या तिथे सांगायला लागलो. "दादा, एक नंबर काम", "तुमच्यासारखा माणूस प्लांटमध्ये नाही", असं. त्यावर मिळतं काय, तर "बोला साहेब, काय काम आहे?" नाहीतर नुसतं हसून मान फिरवतात.

एक ताजी गोष्ट समोर ठेवतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. पार्टला २५ मिमीचा बोअर, म्हणजे गोल छिद्र आहे. हद्द २५.००० ते २५.०२१. परवाच्या रात्रपाळीत दर वीस पिसांनी घेतलेलं माप वहीत असं उतरत गेलंय: २५.०१२, २५.००८, २५.००५. तिन्ही मापं हद्दीत आहेत, म्हणजे नियमाप्रमाणे मशीन थांबवायचं काही कारण नव्हतं. पण ऑपरेटरने २५.००५ ला मशीन थांबवून इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं बदललं, पुढचा पहिला पीस मोजला आणि वेळ, पीस नंबर, नवीन माप सगळं वहीत लिहिलं. सकाळी तो लॉट एकही पीस बाजूला न काढता पुढे गेला.

हे मला त्यांना सांगायचंय. मनापासून सांगायचंय, आणि मस्का वाटायला नकोय. कसं सांगू?

---

सावली_तळेगाव

मायक्रॉन, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त ते तुम्ही आम्हाला सांगितलंत आणि त्यांना "एक नंबर" एवढंच म्हणालात. आम्हाला तीन मापं सांगितलीत, मशीन थांबवायची सक्ती नव्हती हे सांगितलंत, वहीत काय लिहिलं तेही सांगितलंत. हे वाचून कोणालाही कळतं की तुम्ही वही नीट वाचलीत. "तुमच्यासारखा माणूस नाही" यातून मात्र काहीच कळत नाही. तेच वाक्य वही न उघडता, कोणालाही, कधीही म्हणता येतं. ऐकणारा नेमकं हेच ओळखतो.

माणसाबद्दलचं विशेषण आणि कामाबद्दलचं निरीक्षण यात मोठा फरक आहे. विशेषण खरं की खोटं हे त्याला पडताळता येत नाही, म्हणून तो तुमचा हेतू तपासायला लागतो. "काय काम आहे?" हा तो हेतू तपासणारा प्रश्न आहे. निरीक्षण मात्र त्याला लगेच पडताळता येतं, कारण त्या रात्री तिथे तोच होता. "२५.००५ ला थांबलात" म्हटल्यावर त्याचं मन तुमच्या हेतूकडे जात नाही, त्या मशीनकडे जातं.

मी असं सांगेन. आधी नेमका क्षण, मग त्याने घेतलेला निर्णय, मग त्याचा परिणाम कोणावर झाला ते. एवढं झालं की थांबायचं. सगळं मिळून तीन वाक्यं, बोलायला अर्धा मिनिट. परदेशातल्या मॅनेजमेंट प्रशिक्षणातही परिस्थिती, वर्तन, परिणाम असाच क्रम शिकवतात, पण तिथे बहुतेकजण मधला भाग घाईने उरकतात. खरा जीव तिथेच आहे. इन्सर्ट कोणीही बदलतं. हद्दीत असताना बदलायचं ठरवणं, हा त्यांचा निर्णय होता. कौतुक त्या निर्णयाचं करा.

आणि परिणाम फुगवू नका. "तुम्ही कंपनीचे लाखो रुपये वाचवलेत" असं चुकूनही म्हणू नका. इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो. लहान बोअर रिवर्कमध्ये पुन्हा काढता येतो, तो भंगारात जात नाही. हे त्या ऑपरेटरला तुमच्याइतकंच पक्कं माहीत आहे. लाखांची गोष्ट काढलीत की त्याला दोनपैकी एक वाटेल, तुम्हाला काम कळत नाही किंवा तुम्ही चढवताय. खरा परिणाम छोटा आहे आणि तेवढाच पुरे: पुढचं माप वीस पिसांनी होतं, झीज अशीच चालू राहिली असती तर एक-दोन मापांत काही पीस हद्दीखाली जाऊ शकले असते, ते शोधायला सकाळच्या पाळीला अख्खा लॉट मोजावा लागला असता. ते टळलं.

---

हणमंत_पाटील

सावलीताईंशी सहमत. पण एक गोष्ट राहिली. संशोधनाने सिद्ध झालंय की एका टीकेमागे किमान तीन कौतुकं लागतात, तरच टीम चांगली चालते. मी तर आठवड्याचा हिशोबच ठेवायला सांगतो. आणि चूक सांगायची असेल तर वर कौतुक, मध्ये चूक, खाली परत कौतुक. चूक पचते.

---

सावली_तळेगाव

हणमंतराव, तीनास एकचा आकडा आता सोडून द्यायला हवा. फ्रेडरिक्सन आणि लोसाडा यांच्या २००५ च्या लेखात २.९०१३ असं अगदी चार दशांशांपर्यंतचं गुणोत्तर दिलं होतं. २०१३ मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी त्यामागचं गणितच चुकीचं असल्याचं दाखवलं आणि तो गणिताचा भाग मागे घेतला गेला. पाचास एक म्हणतात ते जॉन गॉटमन यांच्या नवराबायकोंच्या भांडणांवरच्या अभ्यासातून आलंय, कारखान्यातून नव्हे. एकूण चांगलं बोलणं जास्त असावं हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण हिशोब ठेवला की कौतुक शोधून काढावं लागतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी कोटा भरायला केलेलं कौतुक समोरच्याला बरोबर कळतं.

आणि चूक दोन कौतुकांच्या मध्ये घालायची पद्धत मायक्रॉनच्या बाबतीत तर फारच घातक आहे. विचार करा, क्वालिटीवाला येतो, दोन गोड शब्द बोलतो आणि मग लाल टॅग काढतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा "वा, छान काम" ऐकताच ऑपरेटर टॅगची वाट बघायला लागतो. त्या दिवसापासून तुमचं खरं कौतुकसुद्धा वाईट बातमीची घंटा होतं. मायक्रॉन, "बोला, काय काम आहे?" हे तुमच्या शॉपमध्ये कोणीतरी अशाच पद्धतीने शिकवलेलं उत्तर असणार. तुम्हीच शिकवलंय असं नाही, तुमच्या आधीच्या कोणी शिकवलं असेल.

---

हणमंत_पाटील

आकड्याबद्दल माहीत नव्हतं, मान्य. पण मग चूक सांगायचीच नाही का? दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या तर?

---

सावली_तळेगाव

सांगायचीच, आणि सरळ सांगायची. फक्त दोन्ही एका श्वासात नको. चूक आधी सांगा, ती निस्तरा, विषय बंद करा. कौतुक दुसऱ्या दिवशी, किंवा निदान पाळी संपताना, वेगळं येऊ द्या. आणि "पण" हा शब्द त्या वाक्याच्या आसपास फिरकू देऊ नका. "वही छान लिहिता, पण..." यातलं "पण"च्या आधीचं सगळं ऐकणाऱ्याच्या लेखी पुसलं जातं.

---

वरची_पायरी

खूप छान धागा. माझाही हाच प्रश्न आहे. मॅनेजरचं कौतुक कसं करावं म्हणजे अप्रेझलमध्ये फायदा होईल आणि खुशामतही वाटणार नाही? काही वाक्यं तयार मिळतील का?

---

निरुपमा_बेळगाव

वरची_पायरी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. मायक्रॉन यांना बदल्यात काही नकोय, तुम्हाला हवंय. शब्द कितीही चांगले निवडले तरी हा फरक झाकत नाही. सामाजिक मानसशास्त्रात एडवर्ड जोन्स यांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं: ज्याच्याकडून काही हवं असतं त्याची स्तुती करायची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमकी तेव्हाच ती सर्वांत कमी खरी वाटते.

त्यात आणखी एक बारकावा आहे, तो मायक्रॉनलाही उपयोगी पडेल. नेदरलंड्सच्या रोस व्होंक यांनी दाखवलंय की ज्याची स्तुती होते त्याच्यापेक्षा बाजूला उभं राहून ऐकणाऱ्याला संशय जास्त येतो. स्वतःबद्दल चांगलं ऐकायला माणसाला आवडतंच, बघ्याला मात्र ते सुख मिळत नाही, त्यामुळे तो थंड डोक्याने हेतू तपासतो. म्हणजे तुमचा मॅनेजर कदाचित खूश होईल, पण शेजारच्या टेबलावरचे तुम्हाला ओळखून चुकतील. नातं बिघडेल ते त्यांच्याशी.

तरीही वरिष्ठांना खरोखर सांगावंसं असेल तर कौतुकापेक्षा माहिती म्हणून सांगा. "मंगळवारी तुम्ही मीटिंग अर्ध्या तासाने पुढे ढकललीत, त्या अर्ध्या तासात आम्हाला आकडे ताडून बघता आले." यात त्यांची पाठ थोपटलेली नाही, त्यांच्या निर्णयाचं खाली काय झालं ते कळवलंय. वरच्या माणसाला ही माहिती क्वचित मिळते आणि तिचा उपयोग होतो. अप्रेझलच्या महिन्यात मात्र तेही नको.

---

वरची_पायरी

ओके. प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला बहुतेक. मंगळवारचं उदाहरण उपयोगाचं आहे, धन्यवाद.

---

जुना_सेटर

मी मशीनच्या बाजूने बोलतो. मायक्रॉन, बोलायला जाण्याआधी एक खात्री करा. तो इन्सर्ट कोणी बदलला? वहीवर सही ऑपरेटरची असते, पण कित्येक शॉपमध्ये इन्सर्ट सेटर बदलतो आणि ऑपरेटर फक्त माप घेऊन लिहितो. रात्रपाळीला सेटर एकटा चार-पाच मशीन बघतो. तुम्ही जाऊन ऑपरेटरला शाबासकी दिलीत आणि काम सेटरचं असलं, तर दोघं नाराज. ऑपरेटरला सगळ्यांसमोर "मी नाही केलं" म्हणावं लागतं, किंवा तो गप्प बसतो आणि सेटर ते लक्षात ठेवतो. चुकीच्या माणसाला दिलेलं कौतुक मागे घेता येत नाही.

खात्री करायला चौकशी लावू नका. सरळ त्यालाच विचारा, "२५.००५ ला थांबायचं कोणी ठरवलं?" खरा माणूस लगेच सांगतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं नावही घेतो. "मला माप खाली जाताना दिसलं, सेटरला बोलावलं, त्याने बदलला." मग तुमच्याकडे दोन वेगळी कौतुकं झाली. एकाचं लक्ष, दुसऱ्याचं लगेच येणं.

दुसरी गोष्ट. ज्याचं कौतुक करता ते पुढच्या वेळी मागितल्यासारखं होतं. "रात्रभर थांबून लॉट काढलात, मानलं" असं दोनदा म्हणा, तिसऱ्या वेळी जो आठ तास नीट काम करून घरी जातो तो आळशी ठरतो. बिघाड झाल्यावर धावपळ करणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. ज्याच्या मशीनवर बिघाडच होत नाही त्याला कोणी विचारत नाही. मायक्रॉनने जे उदाहरण निवडलंय ते म्हणूनच चांगलं आहे. काही घडलं नाही, आणि ते का घडलं नाही हे त्यांनी वहीत जाऊन पाहिलं.

तिसरी, आणि ही क्वालिटीवाल्यांनी मनावर घ्यावी. कंत्राटी कामगाराला तोंडी शाबासकी देऊन थांबू नका. त्याला पुढच्या वेळी घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसापर्यंत ती लेखी गेली तरच तिला किंमत. सुपरवायझरला दोन ओळी लिहा, तारीख आणि मशीन नंबर घालून. शाबासकीने पोट भरत नाही, पण कागद कधीतरी कामाला येतो.

---

निरुपमा_बेळगाव

जुना_सेटर यांचा तिसरा मुद्दा फार महत्त्वाचा. मी एवढंच जोडेन की त्याला सांगून लिहा. "सुपरवायझरला हे कळवू का?" असं विचारा. काहींना नको असतं, आणि त्याला कारण असतं. हद्दीत असताना मशीन थांबवलं म्हणजे त्या तासाचं उत्पादन थोडं कमी झालं. सुपरवायझरच्या डोक्यात आकडाच असेल तर तुमचं कौतुक हेच त्याच्याविरुद्धचं पत्र होईल.

---

जुना_सेटर

बरोबर. हे लिहायचं राहिलं होतं.

---

किबोर्ड_आणि_कांदेपोहे

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच दुखणं वेगळ्या रूपात आहे. सगळे रिमोट, कोणी बंगळुरूला, कोणी डब्लिनला. कोड रिव्ह्यूला चारशे ओळी पाठवाव्यात आणि उत्तर यावं `LGTM`, म्हणजे "ठीक दिसतंय", बस. तीन वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नाही की नेमकं काय चांगलं झालं. चूक असली की मात्र ओळ नंबरासकट. इथलं वाचून वाटतंय, आपण सुरुवात करावी. पण लेखी कौतुक फार कोरडं किंवा फार गोड होतं. इमोजी टाकावेत का?

---

सावली_तळेगाव

इमोजीने काही बिघडत नाही, पण त्याने काम भागत नाही. तुमच्याकडे एक सोय आहे जी मायक्रॉनकडे नाही, कौतुक थेट त्या ओळीवर ठेवता येतं. चूक दाखवताना जसा ओळ नंबर देता तसाच इथेही द्या. "पेमेंटचं उत्तर आलं नाही तर आधी जुना व्यवहार तपासून मगच पुन्हा पाठवलंय, त्यामुळे ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाणार नाहीत. हे मला सुचलं नसतं." शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. प्रत्येक रिव्ह्यूत नको, जिथे वाचताना तुम्ही खरोखर थांबलात त्याच ओळीवर.

लेखीला आवाज नसतो हे खरं. म्हणून उद्गारचिन्हं आणि "अप्रतिम" काढून टाका. वाक्य साधं ठेवलं की ते जास्त खरं वाचलं जातं.

---

हणमंत_पाटील

मला वाटतं आपण उगाच कठीण करून ठेवतोय. चांगलं दिसलं, बोलून टाका. इतका विचार करत बसलं तर माणूस बोलणारच नाही.

---

निरुपमा_बेळगाव

हणमंतराव, तुमच्या या म्हणण्याला मात्र आधार आहे. बूथबी आणि बोन्स यांच्या २०२१ च्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसाचं कौतुक करायला सांगितलं होतं. करण्याआधी त्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात समोरच्याला त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त बरं वाटलं. "नीट जमणार नाही" या भीतीने आपण बोलायचं टाळतो, आणि ऐकणारा शब्दरचनेपेक्षा आपुलकीकडे बघत असतो.

पण ते अनोळखी लोक होते. त्यांच्यात लाल टॅग नव्हता, आधीचा इतिहास नव्हता. जिथे एकाच्या सहीवर दुसऱ्याचं काम अडतं तिथे हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही.

---

मायक्रॉन (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. जुना_सेटर यांनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारून घेतलं. थांबायचं ऑपरेटरनेच ठरवलं होतं, इन्सर्टही त्यांनीच बदलला, सेटर तेव्हा दुसऱ्या लाइनला होता. आता वाक्य तयार केलंय, तपासून द्या:

"दादा, परवा रात्री तुम्ही खूप मोठी जबाबदारी दाखवलीत. माप हद्दीत असूनही तुम्ही २५.००५ ला मशीन थांबवून इन्सर्ट बदललात आणि सगळं वहीत व्यवस्थित लिहिलंत, त्यामुळे लॉट वाचला. तुमच्यासारखे सगळे असते तर क्वालिटीची गरजच पडली नसती. असंच काम चालू ठेवा."

---

सावली_तळेगाव

मधलं वाक्य उत्तम आहे. बाकी छाटूया.

"खूप मोठी जबाबदारी दाखवलीत" काढा. हे पुन्हा विशेषण झालं, आणि तेही सुरुवातीला, म्हणजे खरी गोष्ट यायच्या आधीच तो सावध होणार.

"लॉट वाचला" नको, लॉट धोक्यात नव्हता. "सकाळी मला लॉट परत मोजावा लागला नाही" म्हणा. परिणाम तुमच्यावर झाला ना? मग तो तुमच्या नावाने सांगा. "कंपनीला फायदा झाला" हे भाषण वाटतं, "माझा तास वाचला" ही खरी गोष्ट वाटते.

"तुमच्यासारखे सगळे असते तर" यात बाकीच्यांची निंदा आहे. शेजारच्या मशीनवरच्याने ऐकलं तर तुम्ही एक नातं जोडून चार तोडलीत.

"असंच काम चालू ठेवा" हे वरून खाली बोलणं आहे. तुम्ही त्यांचे वरिष्ठ नाही आहात. शिवाय त्याने कौतुकाची सूचना होते.

राहिलं ते असं: "दादा, परवाच्या रात्रीची वही बघितली. माप हद्दीत होतं तरी २५.००५ ला थांबून इन्सर्ट बदललात. सकाळी मला लॉट परत मोजावा लागला नाही." झालं.

---

जुना_सेटर

हे ऐकायला बरं वाटेल. मी अजून एक गोष्ट करेन. त्यापुढे एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. "किती पिसांनी इन्सर्ट झिजतो हे तुम्ही कसं धरता?" आवाज बदलतो का, चिप वेगळी पडते का, की नुसता पिसांचा अंदाज? त्याच्याकडे उत्तर असणार. तुम्ही ते ऐकून वहीत लिहून घेतलंत तर ते कौतुक शंभर शब्दांपेक्षा जड आहे.

---

हणमंत_पाटील

आणि तो म्हणाला "त्यात काय एवढं, आपलं कामच आहे", तर?

---

जुना_सेटर

म्हणणारच. आपल्याकडे कौतुक ऐकून "हो, मी चांगलं केलं" म्हणणारा माणूस आगाऊ ठरतो. त्याला नकार समजू नका आणि "नाही नाही, खरंच" करत वादही घालू नका, मग त्याला आणखी खाली वाकावं लागतं. "मला उपयोग झाला, म्हणून सांगितलं" एवढं म्हणा आणि निघा. पोचलं की नाही ते नंतर कळतं. तो स्वतःहून मशीनबद्दल काही सांगायला लागला, "त्या तीन नंबरच्या फिक्श्चरचं जरा बघा" वगैरे, तर पोचलं. परत "काय काम आहे?" आलं तर नाही पोचलं, आणि त्या दिवशी अजिबात काम सांगू नका, असलं तरी.

---

मायक्रॉन (धागाकर्ता)

ते "असलं तरी" अडचणीचं आहे. आठवड्यातून तीन वेळा तरी मला त्यांच्याकडून काहीतरी लागतंच. जादा सॅम्पल, माप परत घेणं. मग कौतुकाला मोकळा दिवस कुठून आणू?

---

निरुपमा_बेळगाव

दिवस नसेल तर क्रम बदला. काम आधी मागा, ते होऊ द्या, मग जाताना सांगा. मागणं संपल्यावर आलेल्या शब्दाला हेतू चिकटवायला जागा राहत नाही. मागण्याआधी मात्र कधीच नको.

---

हणमंत_पाटील

आणि हे सगळं एकट्यात का? सकाळच्या शिफ्ट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा ना. बाकीचे शिकतील, त्या माणसाचा मान वाढेल.

---

निरुपमा_बेळगाव

वर व्होंक यांचं म्हटलं ते इथेच लागू पडतं. संशय बघ्याला जास्त येतो, आणि शिफ्ट मीटिंगमध्ये एक ऐकणारा आणि वीस बघे असतात. त्यातून क्वालिटीवाल्याने प्रॉडक्शनच्या एकाचं नाव घेतलं की तो "त्यांचा माणूस" होतो. मी एकट्यातच सांगेन.

---

जुना_सेटर

इथे माझं मत वेगळं आहे. एकट्यात सांगितलेलं कोणाला दिसत नाही, आणि दहा वर्षं चांगलं काम करून कोणाला दिसलं नाही ही तर खरी खंत असते. मीटिंगमध्ये नाव न घेता ती पद्धत सांगा: "तीन मापं एकाच बाजूला सरकत गेली तर हद्दीची वाट न बघता थांबायचं, परवा रात्री असं केलं गेलं." कोणी केलं ते सगळ्यांना माहीतच असतं. नाव त्याच्या सुपरवायझरने घ्यावं, क्वालिटीने नव्हे.

---

निरुपमा_बेळगाव

नाव न घेता बोललं तर त्याचं श्रेय दुसरा कोणी घेऊन जाणार नाही कशावरून? माझं अजून पटलेलं नाही.

---

मायक्रॉन (धागाकर्ता)

आज सकाळी सातला पाळी बदलताना बोललो. सावलीताईंनी छाटलेली तीन वाक्यं, तशीच. ते म्हणाले, "आपलं कामच आहे साहेब." मी वाद घातला नाही. मग इन्सर्टचं विचारलं. त्यांनी सांगितलं की ते माप नंतर बघतात, आधी बोअरच्या तोंडाशी बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड यायला लागते, ती बोटाला लागली की समजायचं. हे आमच्या कंट्रोल प्लॅनमध्ये कुठेच नाही. लिहून घेतलं.

सुपरवायझरला लिहू का विचारलं तर म्हणाले, "बरीचं लिहा, माझं नाव नको." आता यावर काय करावं? बरीचं त्यांच्या नावाशिवाय कंट्रोल प्लॅनमध्ये घातलं तर ते क्वालिटीचा शोध म्हणून जाईल.

---

जुना_सेटर

कंट्रोल प्लॅनच्या बदलाच्या रकान्यात "रात्रपाळी, मशीन नंबर अमुक, ऑपरेटरचं निरीक्षण" असं लिहा. नाव नाही, पण काम कोणाकडून आलं ते कायमचं राहील. आणि छापायच्या आधी मजकूर त्यांना दाखवा.

---

निरुपमा_बेळगाव

दाखवताना नाव घालायचं का हे पुन्हा एकदा विचारा. कागदावर स्वतःचं निरीक्षण लिहिलेलं पाहिल्यावर उत्तर बदलू शकतं. नाही बदललं तर तसंच ठेवा.